रात्री पाय बर्फ होतात? थायरॉइडच्या आधी हे बघा

"डॉक्टर, रात्री पाय नुसते बर्फ होतात. थायरॉइड असेल ना?"

लालबागच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी गेली २२ वर्षं ऐकतेय. डिसेंबर सरता सरता पहाटेचा पारा १७-१८ वर आला की आठवड्याला चार-पाच जणी ही तक्रार घेऊन येतात. आता मे महिन्यातही एखादी येते, कारण घरोघरी एसी लागलेत. आपल्या भाषेनेही यात भर घातली आहे. 'हातपाय गार पडले' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात आधी नको ते येतं. मग रात्री अकरा वाजता नवऱ्याला उठवून तळव्यांना सुंठ चोळायला लावायची, आणि सकाळी ऑफर चालू असलेलं 'फुल बॉडी पॅकेज' करून घ्यायचं, हे ठरलेलं.

बहुतेकींना काहीही झालेलं नसतं. ज्यांना असतं, त्यांच्यात माझ्या दवाखान्यात तरी थायरॉइडपेक्षा लोहाची कमतरता जास्त सापडते. आणि मोजकेच, पण चुकवून चालणार नाहीत असे काही जण असतात, ज्यांच्या पायात रक्तच नीट पोचत नसतं. हे तीन गट वेगळे कसे करायचे, ते मी पेशंटना ज्या क्रमाने सांगते त्याच क्रमाने लिहिते. आधी फुकटातलं, मग पैशांचं.

तक्रार नेमकी कशी आहे?

अंथरुणात शिरल्यावर दोन्ही पाय, कधी हातही गार लागतात, मोजे घातले की वीस मिनिटांत ऊब येते, सकाळी काही आठवतही नाही, आणि कॉलेजपासून हे असंच आहे: हा बिनधोक प्रकार.

पाय गार, शिवाय दादरचा जिना चढताना धाप, केस मूठमूठ गळतात, पाळीत खूप जातं, आणि बर्फ किंवा कच्चे तांदूळ चघळावेसे वाटतात: इथे लोह आठवा. बर्फ खायची इच्छा हे लक्षण लोक लाजून सांगत नाहीत, मला विचारावं लागतं.

नुसते पाय नाही, सगळं अंगच गार. बाकीचे पंख्याखाली घामेजलेले, आणि हिला शाल हवी. सोबत बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, जड झालेला आवाज, सुजल्यासारखा चेहरा: इथे थायरॉइडचा संशय रास्त आहे.

गारठ्यात किंवा फ्रीजमध्ये हात घातल्यावर बोटं खडूसारखी पांढरी पडतात, मग निळसर होतात, आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात: याला रेनॉड म्हणतात. पांढरं कुठे संपतं ती रेघ स्पष्ट दिसते.

एकच पाय गार. किंवा ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळते आणि दोन-चार मिनिटं उभं राहिलं की सुटते: ही रक्तवाहिनीची तक्रार आहे.

आणि शेवटचा, फसवा प्रकार. पाय 'गार वाटतात', पण हात लावून बघावं तर कोमट. सोबत मुंग्या, तळव्यांची जळजळ, किंवा कापसावरून चालल्यासारखं वाटणं.

यात असाल तर पुढचं वाचू नका, निघा

एखादा हात किंवा पाय अचानक, तासा-दोन तासांत, गार आणि पांढरा पडला, दुखतोय, बोटं हलवता येत नाहीत, तर तडक मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. रक्ताची गुठळी अडकली असेल तर पाय वाचवायला हाताशी जेमतेम सहा तास असतात. शेकायचं नाही, चोळायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही.

दुसरं, पावसाळ्यातलं. डेंग्यूचा ताप तीन-चार दिवसांनी उतरला आणि घरच्यांनी हुश्श केलं, पण मुलाचे हातपाय गार, अंग चिकट, ते गळून पडलंय, पोट दुखतंय, उलट्या होतायत. ताप उतरला म्हणून बरं वाटत असतं, आणि नेमकं त्याच वेळी रक्तदाब ढासळत असतो. हे हातपाय गार होणं मोजे घालून बसायचं नव्हे. छातीत दुखून गार घाम सुटत असेल तरीही तेच. १०८ लावा, किंवा टॅक्सी लवकर मिळत असेल तर टॅक्सीने निघा.

तपासणी पहिली: दुसऱ्याचा हात

खर्च शून्य. पांघरुणातून पाय बाहेर काढून दहा मिनिटं थांबा, मग घरातल्या कुणाला तरी हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही पावलं आणि दोन्ही पोटऱ्या चाचपून बघायला सांगा. स्वतःचा हात नको, तोही गारच असतो.

यातून दोन प्रश्न सुटतात. पाय खरोखर गार आहे का, आणि दोन्हीकडे सारखाच आहे का. पुढचा सगळा रस्ता या दोन उत्तरांवर ठरतो.

दोन्ही पाय सारखेच गार असतील तर बहुधा शरीर आपलं नेहमीचंच काम करतंय. हात आणि पाय हे शरीराचे उष्णता बाहेर टाकायचे झरोके आहेत. गारवा लागला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि ऊब पोटा-छातीकडे राखली जाते. झोपायच्या वेळी याच्या उलट व्हायला हवं. वाहिन्या सैल होतात, पाय कोमट होतात, आतलं तापमान थोडं उतरतं आणि झोप येते. ज्यांच्या वाहिन्या सैल व्हायला वेळ लागतो त्यांना झोपही उशिरा लागते. म्हणूनच ही तक्रार दिवसभर असली तरी रात्री बोचते. बायकांचे हात पुरुषांपेक्षा जात्याच थोडे गार असतात, आणि बारीक अंगकाठीच्यांचे तर हमखास. तो आजार नाही.

पाय कोमट असूनही गार वाटत असेल तर बिघाड बहुधा रक्तपुरवठ्यात नाही, मज्जातंतूंमध्ये आहे. इथे मधुमेह आणि बी-१२ ची कमतरता आधी तपासायची. अंडं-मासळी न खाणारे, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिनची गोळी घेणारे, या दोघांत बी-१२ कमी सापडणं नेहमीचं आहे. अशा माणसाने पायाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपू नये. त्याला 'गार' कळतं, पण 'भाजतंय' कळत नाही. सकाळी पिशवी निवलेली असते आणि टाचेवर मोठा फोड. दरवर्षी थंडीत असे दोन-तीन पाय मी ड्रेसिंगला बघते, आणि मधुमेहातली टाचेची जखम भरायला महिने जातात.

तपासणी दुसरी: खोली, फरशी, पाणी

हे सांगताना पेशंट जरा नाराज होतात. इतक्या लांबून आलो आणि डॉक्टर फरशीबद्दल बोलतेय. पण मुंबईतल्या निम्म्या गार पायांचं उत्तर इथेच आहे.

एसीचा झोत पायांवर येतो का बघा. २०२० पासून नवे एसी चालू करताना आपोआप २४ वर येतात, पण घरात कुणीतरी एक जण असतोच जो रिमोट हाती येताच १८ करतो. दुसरं, झोपण्याआधी पाय धुवायची आपली चांगली सवय. पाय धुवायचे, पायपुसण्यावर एकदा टेकवायचे आणि ओल्या पावलांनी फरशीवरून थेट अंथरुणात. बोटांच्या बेचक्यांतलं पाणी वाळताना ऊब घेऊन जातं. तिसरं, रात्रीचं जेवण टाळणं. सातला दोन बिस्किटं खाऊन अकराला झोपणाऱ्यांचे पाय गार राहतात, यात नवल नाही.

पाच रात्री एवढंच करून बघा. झोपायच्या अर्धा तास आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा. पाणी हाताच्या कोपराने तपासा, पायाने नाही. टॉवेलने बेचक्यांसकट कोरडे करा आणि सैल सुती मोजे घाला. घोट्यावर इलास्टिकचा वळ उठत असेल तर तो मोजा घट्ट आहे आणि उलट त्रास देईल. एसी २५-२६ वर, झोत वर.

पाच रात्रींत झोप लवकर लागायला लागली, आणि वरच्या बाकीच्या लक्षणांपैकी एकही नसेल, तर इथेच थांबा. पॅकेज करू नका. मी अशांना तपासणी लिहून देत नाही, आणि त्यांतले काही पुढच्या गल्लीतल्या लॅबमध्ये जाऊन ती करतातच.

तपासणी तिसरी: गोळ्यांचा डबा आणि मिश्रीची डबी

रक्तदाब, धडधड, हाताची थरथर किंवा अर्धशिशीसाठी अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांपैकी काही चालू आहे का? नावाच्या शेवटी 'लॉल' असलेल्या या गोळ्यांनी हातपाय गार पडतात. गोळी सुरू झाली कधी आणि पाय गार पडायला लागले कधी, हे कॅलेंडरवर जुळवून बघा. जुळलं तरी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. अशा गोळ्या अचानक सोडल्या तर हृदयावर उलटतं. ज्यांनी लिहून दिली त्यांना सांगा, पर्याय असतात.

तंबाखूने वाहिन्या आवळतात, मग ती विडीतली असो, मळलेली असो की मिश्रीतली. "मी तंबाखू खात नाही हो" म्हणणाऱ्या आजींना मी वेगळं विचारते, "आणि मिश्री?" तेव्हा पदराआडून हसू येतं.

तपासणी चौथी: उजेडात पाय बघा

ही तपासणी मी स्वतः एकदा टाळली होती.

त्रेचाळिशीचा एक माणूस, परळच्या एका गाळ्यात लेथवर काम करणारा. तक्रार तीच: रात्री पाय गार, झोप लागत नाही. बाहेर पंधरा पेशंट बसलेले. मी साखर आणि थायरॉइड लिहून दिलं, दोन्ही नॉर्मल आलं, मी म्हटलं थंडी आहे. दीड महिन्याने तो पुन्हा आला तेव्हा सहज म्हणाला, "रात्री पलंगावरून पाय खाली लोंबता सोडला की बरं वाटतं." तेव्हा मी त्याला बूट काढायला लावले. उजवं पाऊल साधं, बोटांवर केस, नखं ठीक. डावं पाऊल तुकतुकीत, केस नाहीत, अंगठ्याचं नख जाड आणि पिवळं, करंगळीच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी काळी खपली. घोट्याच्या आतल्या हाडामागे बोट ठेवलं. उजवीकडे नाडी टपटप लागत होती. डावीकडे काहीच नाही.

पहिल्या खेपेला तो 'पाय' म्हणाला होता, 'पाय' म्हणजे एकच. मराठीत एक पाय आणि अनेक पाय सारखेच, आणि मी विचारलं नाही. शिवाय विडी रोज दोन बंडलं, हेही मी लिहून घेतलं नव्हतं.

तेव्हा ट्यूबलाइटखाली दोन्ही पावलं शेजारीशेजारी ठेवून बघा. रंग, केस, नखं, बोटांच्या टोकांवर न भरणारी जखम. अंगठ्याचं टोक पाच सेकंद दाबून सोडा. कोमट पावलात लाली दोनेक सेकंदांत परत येते. पाऊल गारच असेल तर थोडा जास्त वेळ लागेल, म्हणून आकड्यापेक्षा दोन पायांतला फरक महत्त्वाचा. नाडी घोट्याच्या आतल्या हाडामागे शोधा. पावलाच्या वरची नाडी काही धडधाकट माणसांतही हाताला लागत नाही, तेव्हा तेवढ्यावरून घाबरायचं नाही. सरळ रस्त्यावर चालून बघा. दर वेळी तेवढ्याच अंतरावर पोटरी आवळते आणि उभं राहिलं की सुटते का? बसल्यावरच सुटते, वाकल्यावर बरं वाटतं, असं असेल तर दोष बहुधा कमरेच्या मणक्यात असतो.

दोन पावलांत फरक, न भरणारी जखम, नाडी न लागणं, रात्री पाय लोंबता सोडावासा वाटणं. यातलं एकही असेल तर घरगुती शोध इथे संपला. रक्ताच्या तपासण्यांची वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे, आणि काळी खपली किंवा सतत ठणका असेल तर दुसऱ्याच दिवशी.

तपासणी पाचवी: रक्त

दोन्ही पाय सारखे गार, मोज्यांनी भागत नाही, आणि सोबत थकवा, धाप, केस गळणं असं काही आहे. आता सुई टोचून घ्यायला हरकत नाही. मी पाच गोष्टी लिहिते: सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, टीएसएच म्हणजे थायरॉइडची तपासणी, साखर, आणि शाकाहारी असतील तर बी-१२. महापालिकेच्या 'आपला दवाखाना'त सीबीसीसारख्या तपासण्या मोफत होतात. खिशाला जड होत असेल तर आधी तिथे जा.

गेल्या जानेवारीतली एक केस सांगते, म्हणजे रिपोर्ट वाचायचा कसा ते कळेल. एकेचाळीस वर्षांच्या शिक्षिका, शाळा सकाळची. दोन थंड्या पाय गार, झोप लागायला तास-दीड तास. हातात पॅकेजचा चौदा पानी रिपोर्ट, आणि त्यात टीएसएचच्या ५.९ ला लाल पेनने गोल. "मैत्रिणीला इतक्यावरच गोळी चालू झाली," म्हणाल्या. गोळी लिहून द्या, एवढीच मागणी.

मी आधीचं पान उलटलं. हिमोग्लोबिन १०.८. बायकांत १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, पण याला गोल नव्हता. "ते तर सगळ्यांचंच कमी असतं ना," म्हणाल्या. खरंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. सगळ्यांचं कमी म्हणून ते ठीक, असं आपण धरून चालतो.

लाल पेशींचा आकार, म्हणजे रिपोर्टवरचा एमसीव्ही, ७१ होता. ८० च्या खाली म्हणजे पेशी लहान. लहान पेशींची मुंबईत दोन मोठी कारणं: लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आई-वडिलांकडून आलेला रक्ताचा सौम्य दोष. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत थॅलेसेमिया मायनर जास्त आढळतो, आणि तिथे गरज नसताना लोह देत बसणं चुकीचं. ढोबळ ताळा असा: एमसीव्हीला लाल पेशींच्या आकड्याने भागायचं. ७१ भागिले ४.३ म्हणजे साडेसोळा. तेराच्या वर आलं तर लोहाकडे बोट, खाली आलं तर थॅलेसेमियाची वेगळी तपासणी. खात्रीसाठी फेरिटिन केलं. आलं ६. पंधराच्या खाली म्हणजे साठा संपलेला, आणि ३० च्या खाली असेल तरी मी कमीच समजते.

फेरिटिन का, तर इमारतीच्या टाकीसारखं आहे. नळाला पाणी येतंय याचा अर्थ गच्चीवरची टाकी भरलेली आहे असा होत नाही. हिमोग्लोबिन १२.२ असलेल्या बाईचंही फेरिटिन ८ असू शकतं, आणि सीबीसी बघून तिला "सगळं नॉर्मल" सांगून घरी पाठवलेलं असतं. एकच सावधगिरी: ताप किंवा अंगात कुठे सूज असेल तर फेरिटिन खोटं वर जातं. आजारपणात करू नका.

लोह कमी असलं की पाय गार का? रक्त प्राणवायू कमी वाहतं, त्यामुळे ऊब तयार व्हायची भट्टी मंदावते, आणि जे आहे ते शरीर हृदय-मेंदूकडे वळवतं. हातापायांचा नंबर शेवटी लागतो.

पण लोह गेलं कुठे? विचारल्यावर कळलं, पाळी सात दिवस, पहिले दोन दिवस दर दोन तासांनी पॅड, आणि गाठी. शिवाय शाळेतून आल्यावर जेवण झालं की लगेच चहा. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह आतड्यात फार कमी शोषलं जातं. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ सापडली. थेंबाथेंबाने टाकी रिकामी होत होती, आणि आम्ही मोज्यांबद्दल बोलत होतो.

गोळी दिली लोहाची. रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर, चहा किमान एक तास नंतर. पोटात मळमळलं म्हणून दिवसाआड केली. त्यात फारसं बिघडत नाही, कारण एक गोळी घेतल्यावर शरीर पुढचा दिवसभर लोह कमीच आत घेतं. शौचाला काळं होतं, त्याने घाबरू नका. चार आठवड्यांत हिमोग्लोबिन ११.९ झालं. निदान एका अंकाने वर सरकलं की समजायचं, गोळी लागू पडतेय. अजिबात हललं नाही तर गोळी घेतलीच जात नाही, किंवा रक्त अजून जातंय, किंवा निदान चुकलंय.

आणि त्यांचं ते थायरॉइड? टीएसएच ५.९, पण टी-४ हे खुद्द थायरॉइडचं हार्मोन नॉर्मल. अशा काठावरच्या आकड्यावर मी लगेच गोळी सुरू करत नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करते, कारण बऱ्याचदा तो आपोआप खाली येतो. यांचा तीन महिन्यांनी ४.० आला. गोल पुसला गेला. आकडा १० च्या वर असेल, किंवा टी-४ कमी असेल, तर गोळी लागते. दिवस गेलेले असतील किंवा राहावेत असा प्रयत्न चालू असेल तर नियम वेगळे आहेत, तिथे थांबू नका. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, त्याने थायरॉइडचे आकडे भलतेच येतात.

ज्यांना थायरॉइडची गोळी खरंच चालू आहे आणि तरी पाय गार, त्यांना मी गोळी कशी घेता ते करून दाखवायला सांगते. अनेकदा उत्तर असतं, "सकाळी चहाबरोबर, सोबत लोहाची आणि कॅल्शियमची." मग तिला काम करायला वावच राहत नाही. थायरॉइडची गोळी उठल्याउठल्या नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या ते एक तासाने. लोह आणि कॅल्शियम चार तासांनी.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते. पुरुषात, किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं तर नुसती गोळी घेऊन गप्प बसायचं नाही. पाळी नाही म्हणजे रक्त बहुधा दुसरीकडून जातंय, आणि ते पोटातून किंवा आतड्यातून जात असण्याची शक्यता मोठी. पोटाच्या डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची, कारण अल्सर आणि कर्करोग दोन्ही असेच गुपचूप गळतात.

शिक्षिकाबाईंचं हिमोग्लोबिन तीन महिन्यांत १२.७ झालं, पण फेरिटिन २४ च. म्हणून गोळी आणखी तीन महिने. सहाव्या आठवड्यापासून झोप वीस-पंचवीस मिनिटांत लागायला लागली. पाय पूर्ण कोमट झाले नाहीत, जानेवारीत त्या अजूनही मोजे घालतात. फायब्रॉइडचं स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चालू आहे.

तपासणी सहावी: आता घरी काही नाही

बोटं पांढरी-निळी-लाल होण्याचा प्रकार विशीत सुरू झाला असेल, दोन्ही हातांत सारखा असेल आणि जखमा नसतील तर बहुतेकदा तो साधा असतो. हातमोजे आणि तंबाखूबंदी पुरते. तिशी-चाळिशीनंतर पहिल्यांदा झाला, बोटांच्या टोकांना व्रण पडले, कातडी ताठ वाटते, सांधे दुखतात, तर संधिवाततज्ज्ञांकडे जा. ते एएनए नावाची रक्ततपासणी करतात आणि नखाच्या कडेच्या बारीक वाहिन्या भिंगातून बघतात.

रक्तवाहिनीच्या संशयात पहिली तपासणी अगदी साधी आहे: घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. याला एबीआय म्हणतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम, सुई नाही. ०.९ च्या खाली म्हणजे पायाची वाहिनी चोंदलेली. फार वर्षांच्या मधुमेहात वाहिन्या कडक होऊन आकडा खोटाच १.४ च्या वर जातो, तेव्हा 'जास्त आला म्हणजे चांगलं' समजू नका. पुढे कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, आणि ते बघून रक्तवाहिन्यांचे सर्जन ठरवतात. केईएम, सायन, नायर यांसारख्या महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांच्या ओपीडीत सकाळी लवकर गेलात तर दिवस वाया जात नाही. आधीचे सगळे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

लेथवाल्या माणसाचा डावा एबीआय ०.५ आला. साखर नॉर्मल, कोलेस्टेरॉल नॉर्मल, वय त्रेचाळीस, दोन बंडलं विडी. तरुण तंबाखूवाल्यांत पायांच्या लहान वाहिन्या सुजून बंद होतात, तो बर्गरचा आजार निघाला. सर्जनने त्याला सांगितलं, औषधं मी देईन, पण विडी चालू राहिली तर पाय राहणार नाही, आणि 'कमी केली' हे या आजारात चालत नाही. करंगळी काढावी लागली. पाय आहे. परवा रक्तदाब दाखवायला आला होता, खुर्चीत बसायच्या आधी न सांगता दोन्ही बूट काढून ठेवले.